टाकणखार, थर्मामीटर आणि ब्युरेट

२० अंश सेल्सिअसच्या १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळते. तेच पाणी ५० अंशांपर्यंत तापवले तर फार तर ग्रॅमभर अधिक विरघळेल. मिठाला तापमानाचे जणू काही सोयरसुतकच नाही. टाकणखाराचे तसे नाही. २० अंशांना त्याच्या एक लिटर संपृक्त द्रावणात, म्हणजे आणखी विरघळणार नाही इतक्या भरलेल्या द्रावणात, सुमारे ५० ग्रॅम टाकणखार असतो. ५० अंशांना तोच आकडा १९४ ग्रॅमच्या घरात जातो. तीस अंशांत जवळपास चौपट.

दोन्ही क्षार पांढरे, दोन्ही सोडियमचे, दोन्ही पाण्यात विरघळणारे. मग एवढा फरक का? याचे उत्तर टाकणखाराने स्वतःच देऊन ठेवले आहे. ते वाचायला महागडे उपकरण लागत नाही. थर्मामीटर, ब्युरेट, पिपेट आणि आलेखाचा कागद पुरतो. वेगवेगळ्या तापमानांना किती विरघळले एवढेच मोजायचे आणि त्यातून विरघळताना किती उष्णता शोषली गेली (एन्थाल्पीतला बदल) व कणांना किती मोकळीक मिळाली (एन्ट्रॉपीतला बदल) या दोन्ही राशी काढायच्या. रसायनशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमांत हा प्रयोग बऱ्याच ठिकाणी करून घेतात. पण मुले बहुतेक वेळा आकडे भरतात, सही घेतात आणि निघून जातात. त्या आकड्यांत काय दडले आहे ते पाहण्यासारखे आहे.

आधी टाकणखार म्हणजे काय ते नीट पाहू. सोनाराकडे डाग लावताना जो पांढरा खार वापरतात तो हाच. आयुर्वेदाच्या दुकानात त्याला सवागी म्हणतात. सवागी तव्यावर टाकली की ती फुगते, तडतडते आणि हलकी, भुसभुशीत लाही होते. ही लाही का होते? कारण स्फटिकाच्या वजनात जवळजवळ ४७ टक्के पाणीच असते आणि तापवल्यावर ते वाफ होऊन बाहेर पडते. हातात घेतला तर खडा कोरडा ठणठणीत लागतो, पण त्यातले अर्धेअधिक रेणू पाण्याचे असतात. पुस्तकात त्याचे सूत्र बहुधा Na₂B₄O₇·10H₂O असे देतात. स्फटिकाची खरी रचना दाखवायची तर Na₂[B₄O₅(OH)₄]·8H₂O असे लिहावे लागते. दहापैकी दोन पाणी बोरॉनच्या सांगाड्यात हायड्रॉक्सिल होऊन अडकलेले असते आणि उरलेले आठ रेणू स्फटिकात आपापल्या जागी जखडलेले असतात. हे आठ लक्षात ठेवावेत. पुढे सगळा हिशेब त्यांच्यापाशीच येऊन थांबतो.

असा खडा पाण्यात पडला की एका घटकातून दोन सोडियम आयन, एक टेट्राबोरेट आयन आणि आठ सुटे पाणी बाहेर येते. तळाशी न विरघळलेला खार उरला असेल आणि वर संपृक्त द्रावण असेल, तर जितके विरघळते तितकेच पुन्हा स्फटिकावर बसते. हा समतोल. तो एका आकड्यात पकडण्यासाठी आयनांच्या तीव्रतांचा गुणाकार करतात. लिटरमध्ये s मोल टाकणखार विरघळला असेल तर सोडियमची तीव्रता 2s आणि टेट्राबोरेटची s. सोडियम दोनदा येतो म्हणून दोनदा गुणायचे: 2s × 2s × s, म्हणजे K = 4s³. हा झाला विद्राव्यता गुणाकार. विद्राव्यता चौपट झाली की K चौसष्टपट होतो, हे त्या घनावरून कळते.

आता s मोजायचा कसा? द्रावण आटवून वजन करता येईल, पण ती कटकट आहे. आटवताना स्फटिकातले पाणी किती उरले हेच कळत नाही. त्यापेक्षा टाकणखाराच्या अल्कधर्मीपणाचा उपयोग करावा. टेट्राबोरेटचा एक आयन आम्लाचे बरोबर दोन हायड्रोजन आयन घेतो आणि बोरिक आम्ल होऊन गप्प बसतो. (कॅरमच्या पाटावर भुरभुरायची पावडर ती हीच.) बोरिक आम्ल इतके सौम्य असते की ते पुढच्या मोजणीत लुडबुड करत नाही. म्हणून किती हायड्रोक्लोरिक आम्ल लागले ते पाहायचे, त्याचे निम्मे केले की टाकणखाराचे मोल हातात.

कृती अशी. १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ४० ग्रॅमच्या आसपास टाकणखार घालून ते ५५ अंशांपर्यंत तापवायचे आणि ढवळत राहायचे. सगळा खार विरघळता कामा नये, तळाशी थोडा दिसलाच पाहिजे. मग चंबू पाण्याच्या टबात ठेवून ५० अंशांवर आणायचा आणि दहा-पंधरा मिनिटे त्याच तापमानाला ढवळत ठेवायचा. ढवळणे थांबवून खार खाली बसू द्यायचा आणि वरच्या निवळ द्रावणातले ५ मिलिलिटर पिपेटने उचलायचे. हीच गोष्ट ४०, ३० आणि २० अंशांना. प्रत्येक नमुना फ्लास्कमधल्या कोमट पाण्यात सोडायचा, ब्रोमोक्रेसॉल ग्रीनचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि निळा रंग हिरवट होत पिवळा होईपर्यंत आम्ल सोडायचे. फ्लास्कमध्ये पाणी किती होते याला महत्त्व नाही, कारण आपण मोल मोजतो आहोत, तीव्रता नव्हे. फिनॉलफ्थॅलीन मात्र इथे चालणार नाही. त्याचा गुलाबी रंग आम्ल पुरते लागण्याआधीच उडतो.

एक हिशेब पूर्ण करून पाहू. आम्ल ०.२ मोलर आहे असे धरू. टाकणखाराच्या छापील विद्राव्यतांवरून काढले तर ५ मिलिलिटर नमुन्याला २० अंशांना ६.५५ मिलिलिटर आम्ल लागायला हवे, ३० अंशांना ९.८५, ४० ला १५.५५ आणि ५० अंशांना २५.४०. पहिला आकडा घ्या. ६.५५ मिलिलिटर ०.२ मोलर आम्लात १.३१ मिलिमोल आम्ल असते. निम्मे केले की ०.६५५ मिलिमोल टाकणखार. तो ५ मिलिलिटरमध्ये होता, म्हणून s = ०.१३१ मोल दर लिटर. त्याचा घन करून चारने गुणले की K ०.००९० येतो. उरलेल्या तीन तापमानांना s अनुक्रमे ०.१९७, ०.३११ आणि ०.५०८ येतो आणि K ०.०३१, ०.१२० आणि ०.५२४. म्हणजे तीस अंशांत K अठ्ठावन्नपट झाला.

इथून पुढची वाट डच रसायनशास्त्रज्ञ याकोबस व्हान्ट हॉफ यांनी घालून दिली. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल, १९०१ सालचे, त्यांनाच मिळाले. त्यांचे म्हणणे साध्या शब्दांत असे: जी क्रिया उष्णता शोषते ती तापवल्यावर पुढे सरकते आणि जितकी जास्त उष्णता शोषते तितकी जास्त जोराने सरकते. मिठाचा एक मोल विरघळताना जेमतेम ४ किलोज्यूल शोषतो, म्हणून तापवून त्याला फारसा फरक पडत नाही. टाकणखाराचा जोर बघता तो पुष्कळ शोषत असला पाहिजे. किती, ते या समीकरणातून निघते:

ln K = −ΔH/(RT) + ΔS/R

T म्हणजे केल्विनमधले तापमान आणि R म्हणजे ८.३१४ हा वायू स्थिरांक. आडव्या अक्षावर 1/T आणि उभ्या अक्षावर K चा नैसर्गिक लॉग मांडला की सरळ रेषा यायला हवी. तिचा चढ एन्थाल्पी देतो. ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा एन्ट्रॉपी देतो. वरच्या चार बिंदूंमधून सर्वांत जुळती रेषा काढली तर चढ −१२,८३० येतो आणि छेद ३८.९५. त्यांना R ने गुणले की ΔH सुमारे १०७ किलोज्यूल दर मोल आणि ΔS सुमारे ३२४ जूल दर मोल दर केल्विन. दोन्ही धन.

हे आकडे कुठून आले? इथे त्या आठ रेणूंची आठवण करायची. बर्फाचा एक मोल वितळताना ६ किलोज्यूल शोषतो आणि त्याची एन्ट्रॉपी सुमारे २२ जूल दर केल्विनने वाढते. स्फटिकात जखडलेले पाणी सुटणे हे काही हुबेहूब बर्फ वितळणे नव्हे, पण अंदाजाला चालेल. आठ मोल बर्फाचे ४८ किलोज्यूल आणि १७६ जूल दर केल्विन होतात. म्हणजे एन्थाल्पीचा निम्म्याला थोडा कमी आणि एन्ट्रॉपीचा निम्म्याहून जास्त वाटा नुसत्या पाण्याच्या सुटकेचा असू शकतो. उरलेला भाग तीन आयनांना एकमेकांपासून सोडवण्याचा. मिठाच्या स्फटिकात सोडवायला पाणीच नाही. मीठ आणि टाकणखार यांच्यातला सुरुवातीचा फरक मुख्यतः इथला आहे.

या दोन आकड्यांवरून एक खातरजमाही करता येते. ΔG = ΔH − TΔS या सूत्राने २५ अंशांना ΔG सुमारे +१० किलोज्यूल येतो. धन ΔG म्हणजे क्रिया आपोआप होत नाही, असे पाठ केलेला विद्यार्थी इथे अडखळतो, कारण २५ अंशांना टाकणखार विरघळताना तर डोळ्यांनी दिसतो. गफलत अशी की हा ΔG प्रमाण स्थितीचा आहे. सगळे आयन एकेक मोलर तीव्रतेचे असताना आणखी टाकणखार विरघळेल का, एवढेच तो सांगतो, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ हे बरोबरच आहे. निर्मळ पाण्यातला टाकणखार K इतका गुणाकार होईपर्यंत विरघळतोच. ΔG वरून उलट K काढला तर २५ अंशांना s ०.१६२ येतो. छापील तक्त्यावरून तो ०.१६०च्या आसपास निघतो. हा बिंदू आपण रेषेत घेतला नव्हता, तरी रेषेने तो बरोबर सांगितला.

आता चुकते कुठे ते पाहू. या प्रयोगातले सर्वांत नाजूक काम आम्ल सोडण्याचे नाही, ५० अंशांचे द्रावण उचलण्याचे आहे. खोलीत पडलेली पिपेट पंचवीस-तीस अंशांची असते. तीत ५० अंशांचे संपृक्त द्रावण ओढले की काचेच्या आत लगेच बारीक सुया दिसू लागतात आणि टोकाशी गच्च बसतात. द्रावण फ्लास्कमध्ये गेले तरी स्फटिक पिपेटमध्येच राहतात. समजा त्यामुळे ५० अंशांच्या मोजणीत फक्त ५ टक्के खार कमी भरला. घनामुळे K जवळपास १४ टक्क्यांनी खाली येतो, रेषेचे ते टोक झुकते आणि ΔH १०७ चा १०३ होतो, ΔS ३२४ चा ३१२. उपाय सोपा आहे. पिपेट आधी गरम पाण्यात ठेवून तापवावी आणि नमुना सोडल्यावर गरम ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळून ते पाणीही त्याच फ्लास्कमध्ये घ्यावे.

दुसरी चूक थंड टोकाला होते. द्रावण निवताना टाकणखार सावकाश बाहेर पडतो. घाई केली तर २० अंशांना द्रावणात हवा त्यापेक्षा जास्त खार शिल्लक असतो आणि s वाढीव येतो. पाहा, गरम टोक खाली गेले आणि थंड टोक वर आले, की दोन्हींमुळे रेषा आडवीच होते. म्हणून वर्गातल्या मुलांची ΔH एकजात कमी आली तर तो योगायोग समजू नये. समतोल झाला होता की नाही हे ओळखायची खात्रीची युक्ती म्हणजे दुसऱ्या बाजूने येणे. एका बाटलीत भरपूर खार आणि थंड पाणी घालून ती २० अंशांच्या पाण्यात अधूनमधून हलवत रात्रभर ठेवावी. खालून वर आलेला आणि वरून खाली आलेला, दोन्ही नमुन्यांना सारखेच आम्ल लागले तर समतोल झाला असे खुशाल धरावे.

काही चुका मात्र एन्थाल्पीला शिवतही नाहीत आणि मला या प्रयोगातला हा भाग सर्वांत आवडतो. समजा आम्लाची तीव्रता सगळीकडे सारखीच ५ टक्के चुकीची धरली गेली, किंवा कोणी K काढताना चारने गुणायलाच विसरला. मग प्रत्येक K एकाच पटीने चुकतो, सगळी रेषा तशीच वर किंवा खाली सरकते आणि चढ जागच्या जागी राहतो. चुकते ती फक्त एन्ट्रॉपी: आम्लाच्या चुकीने जेमतेम सव्वा जूल, चार विसरल्याने साडेअकरा. एन्थाल्पी गुणोत्तरांतून येते म्हणून ती अशा चुका पचवते. एन्ट्रॉपी मात्र आपण तीव्रता कशात मोजली यावरही अवलंबून असते. मोल दर लिटरऐवजी दुसरे एकक घेतले तर ΔS चा आकडा बदलतो. घन विसरलात तर मात्र क्षमा नाही. नुसत्या s चा लॉग मांडला की ΔH तिसऱ्या हिश्श्यावर, ३६ किलोज्यूलच्या आसपास येऊन बसते.

आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तके झटकन ओलांडून जातात. चार बिंदूंतून रेषा छान बसते खरी, पण शेजारशेजारचे दोन-दोन बिंदू घेऊन चढ काढा. २० ते ३० अंशांत ΔH ९० किलोज्यूल येते, ३० ते ४० मध्ये १०८ आणि ४० ते ५० मध्ये १२४. हा हाताचा थरथराट नव्हे, छापील विद्राव्यतांतच हा बाक आहे. म्हणजे आपली रेषा मुळात वक्र आहे.

याची दोन कारणे तरी सांगता येतात. पहिले असे की विरळ द्रावणात टेट्राबोरेट अखंड राहत नाही, त्याचे बोरिक आम्ल आणि साधे बोरेट असे तुकडे होतात. ब्युरेटला हा फरक कळत नाही. टेट्राबोरेट अखंड असो वा तुटलेला, लागणारे आम्ल तेवढेच. म्हणून थंड, विरळ द्रावणात आपण टेट्राबोरेट खऱ्याहून जास्त धरतो. दुसरे कारण गरम टोकाचे. ५० अंशांना आयनांची गर्दी इतकी होते की ते एकमेकांना ओढून धरतात आणि त्यांचा परिणाम त्यांच्या संख्येइतका राहत नाही. तिथेही K खऱ्याहून मोठा निघतो. पहिली दुरुस्ती रेषेचे थंड टोक खाली आणते, दुसरी गरम टोक खाली आणते, त्यामुळे बाक कमी होतो. पदवीच्या प्रयोगात या दुरुस्त्या करत नाहीत आणि करूही नयेत. पण त्या केलेल्या नाहीत हे लिहावे.

शेवटी मर्यादा वरच्या बाजूची. साधारण ६०.८ अंशांच्या वर तळाशी बसलेला टाकणखार दहा पाण्यांचा राहत नाही. त्याच्याशी समतोल राखणारा स्फटिक पाच पाण्यांचा होतो आणि त्याचा चढ वेगळा. ७० अंशांचा बिंदू कितीही काळजीपूर्वक घेतला तरी तो या रेषेचा नाही. त्यामुळे ५५च्या वर जाऊच नये.

मग जर्नलमध्ये उत्तर कसे लिहावे? ‘२० ते ५० अंशांदरम्यान, आयनांच्या परस्पर ओढीची दुरुस्ती न करता, टाकणखार विरघळण्याची सरासरी ΔH सुमारे १०७ किलोज्यूल दर मोल आणि ΔS सुमारे ३२४ जूल दर मोल दर केल्विन, तीव्रता मोल दर लिटरमध्ये धरून.’ कॅल्क्युलेटरने दाखवले म्हणून १०६.६६ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा एक गुण परीक्षकांनी जरूर कापावा.